चुकीची कपात: बँकेला तक्रार अर्ज लिहिताना रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांक कसे शोधायचे, कुठे लिहायचे

बँकेच्या शाखेत रोज येणाऱ्या तक्रार अर्जांचा एक ठरलेला नमुना असतो. ‘माझ्या खात्यातून विनाकारण पैसे कापले गेले आहेत. मी गरीब खातेदार आहे. तरी कृपया चौकशी करून पैसे परत जमा करावेत ही नम्र विनंती.’ खाली सही. कधी खाते क्रमांक असतो, कधी तोही नसतो. किती पैसे, कोणत्या दिवशी, कोणत्या नोंदीने, यातले काहीच नाही. असा अर्ज कर्मचारी ठेवून घेतो, पण त्याच्यावर पुढे काहीच करता येत नाही. खात्यात महिन्याला वीस-पंचवीस नोंदी असतात. त्यातली तुम्हाला चुकीची वाटणारी कोणती, हे त्याने कसे ओळखायचे?

तुमचा कागद जसाच्या तसा कोणी वर पाठवत नाही, हे आधी लक्षात घ्या. शाखेतला माणूस त्यातली माहिती बँकेच्या तक्रार प्रणालीत भरतो. त्या प्रणालीत रक्कम, तारीख आणि संदर्भ क्रमांक यांसाठी वेगवेगळे रकाने असतात. रकाने भरले की तक्रार दुसऱ्या शहरात बसलेल्या विभागाकडे जाते. त्या विभागाला तुमची नम्र विनंती दिसत नाही, दिसतात ते फक्त रकाने. म्हणून खालचे सगळे टप्पे हे रकाने बिनचूक भरले जावेत यासाठी आहेत.

उदाहरण एकच घेऊ, कारण त्यात तिन्ही गोष्टी हमखास चुकतात: एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे गेले. खातेदार साताऱ्याचा. 12 मार्च 2025, संध्याकाळी 7 वाजून 40 मिनिटे. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर 10,000 रुपये मागितले. यंत्र घरघरले, नोटा आल्या नाहीत, मोबाइलवर मात्र पैसे काढल्याचा संदेश आला. खातेदार आणि पुढे येणारे क्रमांक काल्पनिक आहेत, नियम मात्र खरे आहेत.

टप्पा 1: कपात कोणत्या जातीची, ते आधी ठरवा

व्यवहार तुम्ही स्वतः केला आणि तो फसला, की तो तुम्ही केलेलाच नाही? या दोन्हींच्या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत.

आपल्या उदाहरणातला व्यवहार पहिल्या प्रकारचा आहे. मिनिमम बॅलन्सचा दंड, एसएमएस शुल्क, न मागितलेल्या विम्याचा हप्ता हा तिसरा प्रकार. तिथे पैसे बँकेने स्वतःच कापलेले असतात, त्यामुळे नोंदीपुढचा मजकूर जसाच्या तसा उतरवून ‘ही संमती मी कधी दिली त्याची प्रत द्या’ असे मागायचे असते.

> सावधान: व्यवहार तुम्ही केलाच नसेल, तर अर्ज लिहीत बसू नका. आधी बँकेच्या हेल्पलाइनवर फोन करून कार्ड किंवा खाते बंद करा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर नोंद करा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांत कळवायला किती कामाचे दिवस लागले यावर तुमची जबाबदारी ठरते, आणि पहिल्या तीन दिवसांना फार किंमत आहे. लेखी अर्ज त्यानंतर द्या.

टप्पा 2: कागद गोळा करा, मगच पेन उचला

चार गोष्टी समोर ठेवा: मोबाइलवरचा संदेश, एटीएमची स्लिप (आली असेल तर), पासबुक आणि त्या आठवड्याचे खात्याचे स्टेटमेंट. स्टेटमेंट मोबाइल ॲपमधून काढता येते. ॲप नसेल तर शाखेत ‘10 ते 17 मार्चचे स्टेटमेंट हवे’ असे तारखा देऊन मागा. नुसते ‘स्टेटमेंट द्या’ म्हटले तर सहा महिन्यांचा गठ्ठा हातात पडतो.

स्टेटमेंट व्यवहाराच्या दिवसापर्यंतचे नको, त्यापुढच्या किमान पाच-सहा दिवसांचे हवे. कारण साधे आहे. अशा फसलेल्या व्यवहाराचे पैसे बरेचदा आपोआप परत येतात आणि खातेदाराला त्याचा पत्ता नसतो. जमा बाजूला त्याच संदर्भ क्रमांकाची नोंद दिसली तर विषय तिथेच मिटला.

> तपासा: त्याच रकमेची, त्याच क्रमांकाची जमा नोंद आली आहे का? आली असेल तर अर्जाची गरज नाही. उशिरा आली असेल, तर फक्त भरपाईचा प्रश्न उरतो. तो टप्पा 6 मध्ये आहे.

स्लिपचा फोटो काढून ठेवा. तो कागद उष्णतेने छापलेला असतो. पाकिटात राहिला तर काही आठवड्यांत कोरा होतो, आणि मग तुम्ही काउंटरवर पांढरी चिठ्ठी पुढे करता.

टप्पा 3: तीन आकडे शोधा आणि एकमेकांशी ताडून पाहा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. अर्ज लिहायला दहा मिनिटे पुरतात, पण आकडे चुकीचे असले तर तो परत येतो.

*रक्कम.* ‘सुमारे दहा हजार’ असे कधीही लिहू नका. स्टेटमेंटमध्ये पैशांसकट जे छापले आहे तेच लिहा. आपल्या खातेदाराच्या स्टेटमेंटमध्ये एक नाही, दोन नोंदी आहेत: 10,000.00 आणि 24.78. दुसरी कशाची? त्या महिन्यातले दुसऱ्या बँकेच्या एटीएमवरचे मोफत व्यवहार संपले होते. म्हणून 21 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 3.78 रुपये, असे मिळून 24.78 कापले गेले. (हे शुल्क 1 मे 2025 पासून कमाल 23 रुपये झाले, पण घटना मार्चमधली आहे.) रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2019 मध्येच स्पष्ट केले आहे की यंत्र, सॉफ्टवेअर किंवा नोटांअभावी फसलेला व्यवहार शुल्कासाठी मोजायचा नाही. म्हणजे 24.78 सुद्धा परत मिळायला हवेत. पण तुम्ही दोन्ही मिळून ‘10,024.78 रुपये कापले’ असे लिहिले, तर शोधणाऱ्याला त्या रकमेची एकही नोंद सापडणार नाही. दोन नोंदी दोन ओळींत लिहा. बेरीज हवीच असेल तर त्यांच्याखाली.

नोटा काही आल्या आणि काही आल्या नाहीत, असेही होते. तेव्हा तीन आकडे द्यावे लागतात: मागितले किती, हातात आले किती, वाद किती रकमेचा. 10,000 मागून 4,500 आले असतील तर वाद 5,500 चा. नुसते ‘10,000 कापले’ लिहिले आणि यंत्राच्या हिशेबात 5,500 च जास्त निघाले, तर तुमचाच दावा संशयास्पद दिसतो.

*तारीख.* एकाच व्यवहाराला अनेक तारखा चिकटतात: तुम्ही यंत्रापुढे उभे होता ती, बँकेने खात्यात नोंद केली ती, आणि पासबुक छापून घेतले ती. आपल्या उदाहरणात संदेशावर 12 मार्च आहे, पण संध्याकाळचा व्यवहार असल्याने स्टेटमेंटमध्ये नोंद 13 मार्चची आहे. लोक पासबुकातली 13 तारीख उतरवतात, एटीएमच्या नोंदींत 13 ला तसा व्यवहारच नसतो, आणि ‘असा व्यवहार आढळला नाही’ असे उत्तर येते. म्हणून व्यवहाराची तारीख आणि वेळ आधी, नोंदीची तारीख नंतर, दोन्ही लिहा.

महिना अक्षरांत लिहा. 12/03/2025 वाचणाऱ्याला कदाचित कळेल, पण 03/04/2025 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, यावर वेळ जाऊ शकतो.

*संदर्भ क्रमांक.* एटीएम, यूपीआय आणि आयएमपीएस व्यवहारांना बारा आकडी क्रमांक असतो. स्लिपवर किंवा ॲपमध्ये तो `RRN`, `Ref No` किंवा `UTR` या नावाखाली दिसतो. स्टेटमेंटमध्ये तो नोंदीच्या मजकुरातच मिसळलेला असतो, साधारण असा:

```
13-03-2025  ATM WDL 507119004182   10,000.00 DR
13-03-2025  ATM CHG 507119004182       24.78 DR
```

या बारा आकड्यांचा एक उपयोग फार थोड्या लोकांना माहीत आहे. बहुतेक प्रणालींत पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. 5 म्हणजे 2025. 071 म्हणजे एकाहत्तरावा दिवस: जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 28, मिळून 59, आणि मार्चचे 12. आला 12 मार्च. म्हणजे स्टेटमेंटवर 13 छापले असले तरी व्यवहार 12 चाच, हे क्रमांकच सांगतो. तारीख आणि क्रमांक जुळत नसतील तर समजा, शेजारच्या नोंदीचा क्रमांक उतरवला गेला.

एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षर-अंकांचा असतो, आरटीजीएसचा बावीस. कर्जाचा किंवा विम्याचा हप्ता आपोआप कापला गेला असेल तर नोंदीच्या क्रमांकाबरोबर वीस अक्षर-अंकांचा मँडेट क्रमांक, म्हणजे आपोआप कपातीला दिलेल्या परवानगीचा क्रमांकही द्या. तो `UMRN` या नावाने असतो.

> सावधान: यूपीआय ॲपमध्ये एकाच व्यवहाराखाली दोन क्रमांक दिसू शकतात. एक अक्षरे-आकडे मिसळलेला, ॲपचा स्वतःचा. दुसरा बारा आकडी. बँकेला हवा तो बारा आकडी. पहिलाही लिहा, पण खाली.

क्रमांक सापडलाच नाही तर? अंदाजाने काही लिहू नका. चुकीच्या क्रमांकापेक्षा रिकामा रकाना बरा, कारण चुकीचा क्रमांक शोधणाऱ्याला भलत्याच व्यवहारापर्यंत नेतो. सरळ लिहा: ‘संदर्भ क्रमांक माझ्याकडे उपलब्ध नाही. पुढील माहितीवरून व्यवहार शोधावा.’ मग व्यवहाराची वेळ, कार्डाचे शेवटचे चार आकडे, एटीएमचे ठिकाण, आणि कपातीआधीची व नंतरची शिल्लक द्या. एवढ्यावर बँकेच्या प्रणालीत व्यवहार शोधता येतो.

टप्पा 4: अर्ज कोणाला, ते चुकवू नका

एटीएम दुसऱ्या बँकेचे असले तरी तक्रार आपल्या बँकेकडे करायची, म्हणजे ज्या बँकेने कार्ड दिले तिच्याकडे. लोक ज्या बँकेच्या यंत्रात पैसे अडकले त्या बँकेत जाऊन वाद घालतात. तिथले कर्मचारी तुम्हाला परत पाठवतात, आणि त्यांचे बरोबर असते. तुमचे खातेच त्यांच्याकडे नाही. तुमची बँक एनपीसीआयच्या, म्हणजे सगळ्या बँकांची एटीएम एकमेकांशी जोडणाऱ्या संस्थेच्या, यंत्रणेतून त्या बँकेकडे दावा पाठवते. ती बँक यंत्राचा लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेली प्रत्येक व्यवहाराची नोंद, आणि त्या दिवशीच्या नोटांचा ताळा बघते. यंत्रात हिशेबापेक्षा 10,000 जास्त निघाले की तुमचे म्हणणे सिद्ध होते. यंत्राचा क्रमांक दिला तर हे काम फार लवकर होते. तो स्लिपवर असतो, अनेकदा यंत्रावरही चिकटवलेला असतो.

टप्पा 5: अर्ज लिहा

क्रम असा ठेवा: विषयातच रक्कम, तारीख आणि क्रमांक. मग व्यवहाराचा तपशील ओळीओळीने. मग काय घडले ते दोन-तीन वाक्यांत. मग नेमके काय हवे ते. शेवटी सोबत जोडलेले कागद. अर्ज मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. आकडे मात्र 1, 2, 3 असेच लिहा आणि नोंदीचा मजकूर स्टेटमेंटवर आहे त्याच लिपीत उतरवा, कारण पुढे तो वाचणारा माणूस मराठी असेलच असे नाही.

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> …… बँक, …… शाखा, सातारा
>
> दिनांक: 18 मार्च 2025
>
> विषय: एटीएममधून रोख न मिळता रु. 10,000.00 ची कपात, दि. 12 मार्च 2025, संदर्भ क्र. 507119004182
>
> महोदय / महोदया,
>
> माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. …… आहे.
>
> व्यवहाराचा तपशील:
> व्यवहाराची तारीख व वेळ: 12 मार्च 2025, सायंकाळी 7.40
> खात्यातील नोंदीची तारीख: 13 मार्च 2025
> मागितलेली रक्कम: रु. 10,000.00
> मिळालेली रक्कम: रु. 0.00
> संदर्भ क्रमांक: 507119004182
> कार्डाचे शेवटचे चार आकडे: ……
> एटीएम: …… बँक, …… चौक, यंत्र क्र. ……
> याच व्यवहारावर आकारलेले शुल्क: रु. 24.78, नोंद 13 मार्च 2025
>
> यंत्राने रक्कम दिली नाही, परंतु खात्यातून ती वजा झाली. 17 मार्च 2025 अखेरच्या स्टेटमेंटनुसार रक्कम परत जमा झालेली नाही. फोनवरील तक्रारीचा क्रमांक: ……
>
> तरी (1) रु. 10,000.00 परत जमा करावेत, (2) फसलेल्या व्यवहारावरील शुल्क रु. 24.78 परत करावे, (3) 18 मार्च 2025 पासून रक्कम जमा होईपर्यंत दररोज रु. 100 प्रमाणे भरपाई जमा करावी, (4) चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रण व यंत्राचा लॉग जपून ठेवण्यास संबंधित बँकेला कळवावे.
>
> सोबत: स्टेटमेंट (10 ते 17 मार्च), संदेशाचा स्क्रीनशॉट, एटीएम स्लिपची प्रत.
>
> आपला / आपली,
> (सही, नाव, मोबाइल क्रमांक)

या अर्जात रागाचा एकही शब्द नाही, आणि त्यामुळे काही बिघडत नाही. ‘ग्राहक न्यायालयात खेचीन’ हे पहिल्या अर्जात लिहून काहीच मिळत नाही, उलट दोन ओळींची जागा जाते.

> सावधान: पिन, ओटीपी, सीव्हीव्ही आणि कार्डाचा पूर्ण क्रमांक अर्जात लिहू नका. बँकेला त्यांची गरज नसते. अर्ज अनेक हातांतून जातो. कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्सही जोडू नका.

दोन वेगळ्या दिवशी दोन चुकीच्या कपाती झाल्या असतील तर दोन अर्ज करा. एकाच कागदावर तीन महिन्यांची गाऱ्हाणी मांडली की प्रणालीत त्यातले एकच नोंदवले जाते, आणि ते मिटले की तक्रार ‘निकाली’ होते.

टप्पा 6: मुदत मोजा, मग अर्ज द्या

रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार एटीएममधून रोख न मिळाल्यास व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी. हे दिवस कॅलेंडरचे, कामाचे नाहीत. मध्ये धुळवडीची सुट्टी आली म्हणून मुदत वाढत नाही. 12 मार्चचा व्यवहार, म्हणून मुदत 17 मार्च. 18 मार्चपासून दिवसाला 100 रुपये भरपाई. समजा, रक्कम 2 एप्रिलला जमा झाली. मार्चचे 14 दिवस आणि एप्रिलचे 2, एकूण 16. म्हणजे 1,600 रुपये. ही भरपाई खातेदाराने न मागता मिळायला हवी असा नियम आहे, पण मागितलेली बरी.

यूपीआयने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर हीच मुदत एका दिवसाची आहे. दुकानदाराला यूपीआयने केलेल्या पेमेंटला पाच दिवस.

म्हणून क्रम असा: त्याच दिवशी हेल्पलाइनवर किंवा ॲपमधून तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, पाच दिवस स्टेटमेंट बघा, आणि सहाव्या दिवशी लेखी अर्ज द्या. पहिल्याच दिवशी अर्ज घेऊन गेलात तर ‘पाच दिवस थांबा’ असेच ऐकावे लागेल. आणि ते पाच दिवस फोनही न करता गप्प बसलात, तर तुम्ही कधी कळवले याचा पुरावा राहत नाही.

टप्पा 7: पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका

अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. ‘साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा’ म्हटले तर थांबा. शिक्का मिळतच नसेल तर तोच अर्ज बँकेच्या तक्रार ईमेलवर पाठवा किंवा पोचपावतीच्या टपालाने धाडा.

शिक्क्याइतकाच महत्त्वाचा आहे प्रणालीतला तक्रार क्रमांक. अर्ज घेतला पण तक्रार प्रणालीत भरलीच नाही, असे पुष्कळदा होते. तेव्हा तिथेच विचारा: ‘नंबर जनरेट झाला का?’

> तपासा: तक्रार क्रमांकाचा संदेश आला की त्यातली रक्कम आणि तारीख वाचा. शाखेने 13 मार्च भरले असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या.

टप्पा 8: ‘व्यवहार यशस्वी’ असे उत्तर आले तर

हे उत्तर नेहमीचे आहे. यंत्राने नोटा मोजून पुढे सरकवल्या की प्रणाली व्यवहार यशस्वी धरते. नोट तोंडाशी अडकली तरी काही वेळा तसेच नोंदले जाते. इथे नवा अर्ज करू नका. जुन्या तक्रार क्रमांकावरच तीन गोष्टी मागा: त्या व्यवहाराचा यंत्राचा लॉग, त्या दिवशीचा रोख ताळा आणि सीसीटीव्ही चित्रण. ‘7.40 ते 7.45 या वेळेतले’ असे नेमके लिहा. वेळ दिली नाही तर दिवसभराचे चित्रण कोणी बघत बसणार नाही.

बँकेने अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आपल्या उदाहरणात 18 मार्चचा अर्ज, म्हणून 17 एप्रिल उलटल्यावर. तक्रार `cms.rbi.org.in` वर भरायची, माहितीसाठी फोन 14448, आणि शुल्क काहीही नाही. बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून ती शिक्क्याची प्रत जपायची. तक्रार करायलाही मुदत असते, तेव्हा बँकेचे उत्तर हातात पडले की फार दिवस घालवू नका.

तिथल्या फॉर्ममध्येही हेच रकाने आहेत. बँकेला दिले तेच आकडे तिथे भरा. बँकेला 10,000.00 आणि 24.78 वेगळे लिहून लोकपालाला 10,024.78 लिहिले, किंवा तिथे 12 तारीख आणि इथे 13, तर बँकेकडे मूळ तक्रार वेगळ्याच व्यवहाराची होती असा अर्थ निघू शकतो. भरपाईची रक्कम मात्र त्या दिवसापर्यंत मोजून नव्याने लिहा.